थोडक्यात सांगायचं तर, अपात्र

ठेकेदार टेंडर वाचत नाही, ऐकतो. आमच्या तालुक्याच्या गावात तरी हीच पद्धत आहे. पंचायत समितीच्या फाटकासमोर माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले आणि झेरॉक्स यांवर माझं घर चालतं. टेंडर भरण्यावर फक्त माझा रक्तदाब चालतो. ठेकेदार आत येतो, खुर्ची ओढतो, स्क्रीनवरच्या ११२ पानी दस्तऐवजाकडे एकवार बघतो आणि म्हणतो, "सर, थोडक्यात सांगा."

थोडक्यात म्हणजे काय, तर काम कितीचं आणि शेवटची तारीख कधी. या दोन आकड्यांव्यतिरिक्तचा सगळा मजकूर कार्यालयानं टायपिस्टचा हात बसावा म्हणून छापलाय, असा त्याचा प्रामाणिक समज असतो.

बापू तर या पंथाचे ज्येष्ठ. गावोगाव रस्ते, गटारं, संरक्षक भिंती बांधण्यात त्यांची हयात गेली. सिमेंटची गोणी हातानं दाबून ती कुठल्या महिन्यातली हे सांगतील, पण 'पात्रतेचे निकष' हे शब्द दिसले की त्यांना चहाची तल्लफ येते. या वेळचं काम होतं एका गावातला सिमेंट काँक्रीटचा रस्ता आणि कडेचं गटार. किंमत ४० लाख, मुदत ६ महिने.

"चाळीस लाख," बापू समाधानानं म्हणाले. "अठरा टक्के बिलो टाका. संपलं."

"बापू, आधी आपण पात्र आहोत का ते बघू."

"म्हणजे? मला कोण ओळखत नाही तिथं?"

इथंच सगळी गोम आहे. टेंडरचे लिफाफे दोन. पहिला तांत्रिक, दुसरा आर्थिक, म्हणजे दराचा. कार्यालय पहिला उघडतं. त्यात जे तरतील त्यांचाच दुसरा उघडतं. बापूंचं सगळं लक्ष दुसऱ्या लिफाफ्यात आणि बापूंना उडवण्याची सगळी सोय पहिल्यात. म्हणून मी सारांश काढायची माझी एक पद्धत बसवली आहे. दस्तऐवज ज्या क्रमानं लिहिलाय त्या क्रमानं मी लिहीत नाही, माणूस ज्या क्रमानं बाद होतो त्या क्रमानं लिहितो. एका कागदावर चार चौकोन काढायचे: पात्रता, तांत्रिक अटी, बयाणा, सादर करण्याचे नियम. प्रत्येक अटीपुढे पान क्रमांक आणि 'आपल्याकडे काय आहे' असा एक रकाना. तो शेवटचा रकाना भरताना माणसांचे खरे स्वभाव कळतात.

पहिला चौकोन, पात्रता. अट अशी की गेल्या ७ वर्षांत याच स्वरूपाची कामं पूर्ण केलेली हवीत: एक असेल तर अंदाजित किमतीच्या ८० टक्क्यांचं, दोन असतील तर प्रत्येकी ६० टक्क्यांचं, तीन असतील तर प्रत्येकी ४० टक्क्यांचं. ४० लाखांना याचा हिशेब सोपा आहे. ३२ लाखांचं एक, किंवा २४-२४ ची दोन, किंवा १६-१६ ची तीन.

"लिहा," बापू म्हणाले आणि डोळे मिटून सांगू लागले. "समाजमंदिर. शाळेची भिंत. स्मशानभूमीचं शेड..."

"बापू, 'याच स्वरूपाची' म्हणजे काय ते त्यांनी पान ३१ वर सांगितलंय. सिमेंट काँक्रीटचा रस्ता."

"मग भिंतीत काय गूळ घातला होता? सिमेंटच होतं की."

हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता, पण छाननी समितीपुढे बापूंना बोलायला मिळत नाही, कागदच बोलतो. भिंत, शेड, समाजमंदिर तिन्ही खोडली. मग रस्ते निघाले. एक २६ लाखांचा, एक २५ लाखांचा. मला हायसं वाटलं; २४ च्या वरची दोन झाली. दुसऱ्या रस्त्याचा पूर्णत्वाचा दाखला मागितला, तेव्हा बापूंनी खिडकीबाहेर बघितलं.

"तो रस्ता मीच केला. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"दाखला?"

"दाखला साडूच्या नावावर आहे. तेव्हा माझं रजिस्ट्रेशन संपलं होतं, म्हणून त्याच्या लायसनवर केला."

गावाला ठाऊक असलेला रस्ता कागदावर साडूचा. बापू दहा मिनिटं साडूवर बोलले, त्यात रस्त्याचा विषय शेवटपर्यंत आला नाही. अखेर पिशवी उलटी केल्यावर तळातून १७ लाखांचा आणि साडेसोळा लाखांचा असे दोन जुने रस्ते सापडले, दोन्ही ७ वर्षांच्या आतले, दाखल्यांवर कार्यकारी अभियंत्यांची सही असलेले. २६, १७ आणि साडेसोळा. तिन्ही १६ च्या वर. आपण तिसऱ्या दारानं आत आलो आणि उंबरठ्यापासून अर्धा लाखच वर होतो, हे मी सांगितल्यावर बापू म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी म्हटलं नव्हतं.

यानंतर आली बिड कपॅसिटी, म्हणजे निविदा क्षमता. दस्तऐवजात एका कोपऱ्यात बारीक अक्षरात एक सूत्र असतं, आणि ते दिसलं की शाळेत गणिताच्या तासाला पळून गेलेली मंडळी इथेही उठून उभी राहतात.

```
A × N × 2 − B
```

A म्हणजे गेल्या ५ वर्षांतल्या कुठल्याही एका वर्षात केलेल्या कामांची सर्वांत मोठी रक्कम. N म्हणजे या कामाची मुदत, वर्षांत मोजलेली. ६ महिने म्हणजे अर्धा. B म्हणजे हातात असलेल्या कामांपैकी त्या मुदतीत जे करायचं बाकी आहे त्याची किंमत. येणारं उत्तर कामाच्या किमतीइतकं किंवा त्याहून जास्त हवं. हा २ चा आकडा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून तोही दस्तऐवजातूनच उचलायचा.

बापूंचं सर्वांत चांगलं वर्ष ६० लाखांचं. ६० गुणिले अर्धा गुणिले दोन, म्हणजे पुन्हा ६०.

"हातात किती कामं आहेत?" मी विचारलं.

हा प्रश्न कुठल्याही ठेकेदाराला विचारू नये. बापू खुर्चीत सरळ बसले. दोन गटारं, एक अंगणवाडी, एक पाण्याची टाकी. "पस्तीस लाखांची कामं आहेत म्हणावं. लिहा ठळक अक्षरात."

मी ६० मधून ३५ वजा केले. उरले २५. काम ४० चं.

"बापू, तुम्ही अपात्र झालात."

"का?"

"तुमच्याकडे फार काम आहे म्हणून."

बापूंच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी विसरणार नाही. आयुष्यभर लग्नकार्यात, चहाच्या टपरीवर, बँकेच्या मॅनेजरसमोर जे आकडे फुगवून सांगितले, ते इथं गळ्याशी आले होते. या सूत्राची गंमतच ही की A सांगताना छाती पुढे काढायची असते आणि B सांगताना पोट आत ओढायचं असतं, आणि बापूंना दोन्ही एकदम जमत नव्हतं. मग मी हळूच विचारलं, या पस्तीसपैकी बिलं किती निघाली? टाकी बांधून झाली होती, अंगणवाडीचा स्लॅब पडला होता. २० लाखांचं काम होऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदलेलं होतं. बाकी १५. सूत्रात मूळ करार जात नाही, शिल्लक काम जातं. ६० उणे १५, ४५. पात्र. फक्त त्या शिल्लक कामांचा तक्ता संबंधित अभियंत्यांच्या सहीनं जोडायचा. बापूंनी सही आणायचं कबूल केलं, पण 'फक्त पंधरा लाखांची कामं' असं कागदावर लिहिलेलं आपल्या हयातीत बघावं लागलं, याचं दुःख त्यांच्या चालण्यात दिसत होतं.

दुसरा चौकोन, तांत्रिक अटी. इथं बापू निर्धास्त असतात, कारण इथं त्यांना खरोखर सगळं येतं. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब भरायचे, ७ आणि २८ दिवसांनी फोडून बघायचे, काँक्रीटवर पाणी किती दिवस मारायचं, हे सगळं त्यांना पाठ आहे. पण टेंडरला बापूंचं ज्ञान नको असतं, बापूंचं मिक्सर कुणाच्या नावावर आहे ते हवं असतं. मिक्सर, व्हायब्रेटर, पाण्याचा टँकर यांची मालकीची बिलं जोडा, नाहीतर भाडेकरार जोडा.

"मिक्सर माझं आहे."

"बिल?"

"ते मेहुण्याच्या नावावर. पण उभं माझ्या दारात असतं."

मी भाडेकराराचा मसुदा टाइप करायला घेतला. त्यात 'भाडे' या शब्दावर बापू अडले. मेहुण्याला भाडं देतो हे बायकोला कळलं तर मेहुणा खरंच मागेल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. करार झाला, मेहुण्यानं सही केली आणि जाताना "भाडं कधीपासून?" असं विचारलंच.

याच चौकोनात मी एक ओळ लाल पेननं लिहितो, कारण ती सगळ्यांच्या नजरेतून निसटते: दोष दायित्व कालावधी. काम संपलं म्हणजे पैसे सुटले असं नाही. या टेंडरात तो ३ वर्षांचा होता. तोवर रस्त्याला तडा गेला तर दुरुस्ती बापूंची, आणि सुरक्षा ठेव कार्यालयाच्या ताब्यात.

"तीन वर्षं? आणि ट्रॅक्टरवाल्यांनी रस्ता उखडला तर?"

"तेही तुम्हीच बघायचं."

"मग मीच ट्रॅक्टर का घेऊ नये?" बापू म्हणाले. हा विचार त्यांनी पुढे गांभीर्यानं केल्याचं कळतं.

तिसरा चौकोन, बयाणा, ज्याला सगळे ईएमडी म्हणतात. किमतीच्या १ टक्का, म्हणजे ४० हजार. त्याशिवाय टेंडर फी ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९०. बयाणा काम न मिळाल्यास परत येतो, फी येत नाही. बापूंनी पाकिटातून घडी घातलेलं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं.

"हे असलं की बयाणा माफ. पुतण्यानं सांगितलंय."

पुतण्याचं चुकलं नव्हतं, अर्धवट होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाण्यातून सूट मिळते ती मुख्यतः वस्तू पुरवण्याच्या आणि सेवेच्या टेंडरांत. बांधकामाच्या टेंडरात ती आहे की नाही, हे त्या दस्तऐवजानं सांगायचं असतं, आणि आमच्या दस्तऐवजानं पान १२ वर 'कोणालाही सूट नाही' असं ठणकावून सांगितलं होतं. या एका ओळीपायी कितीतरी लोक बिनपैशांचा पहिला लिफाफा भरतात आणि तो उघडताच घरी जातात.

मग बापूंनी डिमांड ड्राफ्ट काढायची तयारी दाखवली. पण भरणा ऑनलाइनच. नेट बँकिंग नाहीतर एनईएफटीचं चलन. चलन त्या एकाच टेंडरसाठी निघतं, त्यावरचा खाते क्रमांक आणि रक्कम जशीच्या तशी जुळावी लागते. बँकेतल्या खिडकीवर बापूंनी "चाळीस हजार पाचशे नव्वद कशाला, सरळ एक्केचाळीस करा, देवाच्या नावानं" अशी सूचना केल्याचं बँकेतल्या मुलीनं मला फोनवर सांगितलं. मी तिला हात जोडले. पैसे पोर्टलवर दिसायला वेळ लागतो, म्हणून एनईएफटी निदान आदल्या दिवशी करावी, हेही मी चौकोनात ठळक लिहितो. आणि त्याखाली: दर दिल्यावर १२० दिवस मागे फिरायचं नाही. फिरलात तर बयाणा जप्त.

आता बापूंच्या आवडीचा दर. "अठरा टक्के बिलो," ते पुन्हा म्हणाले. मी पान ८७ उघडलं. तिथं अतिरिक्त सुरक्षा ठेवीची अट होती. १० टक्क्यांपर्यंत कमी दर दिला तर किमतीच्या १ टक्का जादा ठेव. १० च्या वर १५ पर्यंत जितके टक्के जाल तितके त्यात मिळवायचे. १५ च्या वर जाल तर प्रत्येक टक्क्याला दुप्पट. सर्वांत कमी दर ज्याचा येईल, त्यानं ही ठेव ८ दिवसांत भरायची.

मी कागदावर मांडलं. अठरा म्हणजे पहिल्या दहाचा १, पुढच्या पाचांचे ५, वरच्या तिनांचे दुपटीनं ६. एकूण १२ टक्के. ४० लाखांचे १२ टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार.

"हे मला मिळणार?"

"तुम्ही भरायचे. काम ३२ लाख ८० हजारांत करायचं, आणि सुरू करायच्या आधी पावणेपाच लाखांच्या वर ठेवायचे."

बापू बराच वेळ छताकडे बघत होते. "आणि दहाला?"

"चाळीस हजार."

"दहा टाका," बापू म्हणाले. माझ्या सेंटरात इतका मोठा तात्त्विक बदल इतक्या कमी वेळात दुसऱ्या कुणाचा झालेला नाही.

या आनंदात त्यांनी लेटरहेडवर एक पत्रही लिहून आणलं. 'मा. महोदय, आम्ही सदर काम १० टक्के कमी दराने उत्कृष्टरीत्या करण्यास तयार आहोत.' हे पत्र सगळ्यात वर, म्हणजे पहिल्या लिफाफ्यात लावा, साहेबांवर चांगलं इम्प्रेशन पडेल, असा त्यांचा बेत होता. मी ते त्यांच्या हातून काढूनच घेतलं. तांत्रिक लिफाफ्यात दराचा नुसता उल्लेख सापडला तरी टेंडर बाद. सगळे दाखले, सह्या, करार जोडून, फक्त नम्रतेपायी बाद झालेली माणसं मी पाहिली आहेत.

चौथा चौकोन, सादर करण्याचे नियम. शेवटची वेळ सायंकाळी ५. ठेकेदार पाचचं टेंडर तीनच्या आधी भरत नाही. लवकर भरलं तर दर फुटतो अशी श्रद्धा आहे. वास्तविक दर कुलूपबंद असतो आणि ठरल्या दिवशीच उघडतो, पण श्रद्धेपुढे इलाज नाही. तीन वाजता बापू आले, डिजिटल सहीचं टोकन पुतण्याकडे, पुतण्या लग्नात. चार वाजता टोकन आलं, त्याच्या खिशातून अक्षतांसकट. पासवर्ड पुतण्याच्या प्रेयसीचं नाव होतं, हे त्याला काकांसमोर सांगता येईना. त्यानं मला कानात सांगितलं. टोकनला चुकीचे पासवर्ड फार सोसत नाहीत, ते सरळ लॉक होतं, म्हणून मी तिच्या नावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं. काका संशयानं बघत राहिले.

दराची फाइल पोर्टलवरून उतरवलेलीच भरायची. नाव बदलायचं नाही, `.xls` चं दुसरं काही करायचं नाही. त्यात एक रकाना असतो, `Excess (+)` की `Less (-)`. घाईत `Excess (+)` राहिलं तर बापू १० टक्के जादा दरानं रस्ता करायला निघाले असते. `Less (-)` निवडलं, १० टाकलं, फाइल चढवली. बापू उठले, मला शंभराची नोट देऊ लागले.

"बसा. अजून झालं नाही."

सगळी कागदपत्रं चढली तरी `Freeze Bid Submission` हे बटण दाबल्याशिवाय टेंडर सादर होत नाही. वर दिसणारं घड्याळ सर्व्हरचं असतं, आपल्या भिंतीवरचं नाही. बटण दाबलं, पोचपावती आली, छापली. बापूंनी ती कपाळाला लावली. तेवढ्यात मी शेवटची सवय म्हणून शुद्धिपत्रकांचा कोपरा उघडला. कार्यालयानं दुपारीच मुदत एका आठवड्यानं वाढवली होती.

तांत्रिक लिफाफे उघडले. आठांपैकी चार उडाले, त्यात पुतण्याच्या सल्ल्यानं बयाणा न भरलेला पुतण्याचाच एक मित्र होता. बापू तरले. मग दर उघडले आणि बापू दुसरे आले. पहिला होता शेजारच्या तालुक्यातला एक तरुण, २२ टक्के बिलो.

बापूंना वाईट वाटेल म्हणून मी चहा मागवला. पण बापू बोटांवर मोजत होते. "एक, आणि पाच, आणि साताचे दुप्पट चौदा. वीस टक्के. आठ लाख!" त्यांचा चेहरा उजळला. "तो पोरगा आठ लाख कुठून भरतो? नाही भरले की दुसरा मी."

"हो. त्याचा बयाणा जप्त, आणि तुम्हाला बोलावणार."

"माझ्या दरानं."

मी पान ८८ पुढे सरकवलं. दुसऱ्याला बोलावणार, पण पहिल्याच्या दरानं करायला तयार असेल तर. आणि ठेवही त्याच हिशेबानं. बापूंनी आयुष्यात पहिल्यांदा एक पान स्वतः, ओळीवर बोट ठेवून, पूर्ण वाचलं. मग फोन काढला आणि कुणाकडून तरी त्या तरुणाचा नंबर मिळवला.

"हॅलो, बाळा, अभिनंदन," बापू म्हणाले. "आठ लाखांची काही अडचण असेल तर सांग. बँकेत माझी ओळख आहे."